फोन हातात धरून सोसायटीला एक फेरी, आणि नकाशात 29 मीटरचा फरक

केस साधी आहे. पुण्यातल्या एका सोसायटीत कंपाउंडच्या आतून गोल फिरणाऱ्या रस्त्याचा साधारण नकाशा हवा होता, पावसाळी पाण्याच्या लाइनचा अंदाज काढायला. ऑफिसातला एक ज्युनियर म्हणाला दादा टेप कशाला धरायची, फोनवर व्हिडिओ काढतो आणि मोनोक्युलर व्हिज्युअल ओडोमेट्री चालवतो, म्हणजे एकाच कॅमेऱ्याच्या व्हिडिओवरून कॅमेरा कसा सरकला ते काढतो, रस्ता आपोआप निघेल. आयडिया वाईट नव्हती. गेटपासून निघाला, चारही बाजू फिरून परत गेटवर आला, 1280 बाय 720 चा व्हिडिओ, 30 फ्रेम प्रति सेकंद, पाचेक मिनिटं. रस्ता जवळजवळ आयताकृती आहे, टेपने मोजलेल्या बाजू 120, 70, 120, 70 मीटर, म्हणजे एकूण 380.

त्यासाठीचं ORB-SLAM2 हे सॉफ्टवेअर मोनोक्युलर मोडमध्ये चालवलं, लूप क्लोजिंग, म्हणजे जुनी जागा परत ओळखून रस्ता जुळवून घेणं, मुद्दाम बंद ठेवून, कारण आधी ओडोमेट्री एकटी काय करते ते बघायचं होतं. ट्रॅकिंग कुठेही तुटलं नाही, स्क्रीनवर सगळं छान हिरवं, आणि शेवटी ट्रॅजेक्टरी वरून बघितली तर आयत बंदच होत नाहीये. चौथी बाजू गेटवर यायच्या ऐवजी आतच कुठेतरी संपते, सुरुवातीच्या बिंदूपासून साधारण 29 मीटर लांब. पोराचा पहिला प्रश्न, कॅलिब्रेशन गंडलंय का? कॅलिब्रेशन ठीक होतं. आणि गंमत म्हणजे कोपरेही ठीक होते, तिन्ही वळणं नव्वदच्या एक-दीड अंश इकडेतिकडे. बिघडलेल्या होत्या त्या बाजूंच्या लांब्या.

आता इथे दोन गोष्टी आहेत ज्या लोक एकच समजतात आणि मग चुकीच्या जागी डोकं फोडत बसतात. एक म्हणजे स्केल मुळात माहीतच नसणं, दुसरी म्हणजे जे काही स्केल सुरुवातीला धरलं ते वाटेत बदलत जाणं. पहिलीला स्केल अँबिग्विटी म्हणतात, दुसरीला स्केल ड्रिफ्ट.

पहिली आधी. एकाच कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममध्ये तेच फीचर, म्हणजे ओळखू येणारे ठिपके, जुळवले की आपल्याला एसेन्शियल मॅट्रिक्स मिळतो, आणि तो जे समीकरण पाळतो ते असं:

```
x2ᵀ [t]ₓ R x1 = 0
```

x1, x2 म्हणजे त्या फीचरच्या दोन फ्रेममधल्या जागा, R म्हणजे कॅमेऱ्याचं वळणं, t म्हणजे सरकणं. उजवीकडे शून्य आहे, त्यामुळे t ला 2 ने गुणा नाहीतर 200 ने, समीकरण तसंच खरं राहतं. सरळ भाषेत, सगळी सोसायटी दुप्पट मोठी असती आणि पोरगा दुप्पट वेगाने चालला असता तर व्हिडिओतला एकही पिक्सेल बदलला नसता. म्हणून रोटेशन पूर्ण मिळतं, सरकण्याची दिशा मिळते, पण किती सरकला ते मिळत नाही. OpenCV मध्ये हे उघड दिसतं:

```python
E, mask = cv2.findEssentialMat(p1, p2, K, method=cv2.RANSAC,
                               prob=0.999, threshold=1.0)
_, R, t, mask = cv2.recoverPose(E, p1, p2, K, mask=mask)
print(np.linalg.norm(t))   # 1.0
```

फोन चार सेंटिमीटर सरकला असो की चाळीस, उत्तर 1 च. नवीन माणसं हेच t एकापुढे एक जोडत जातात, मग तुम्ही उभे राहिलात तरी ट्रॅजेक्टरी धावत असते. नेटवरच्या बऱ्याच ट्यूटोरियलमध्ये ही अडचण ग्राउंड ट्रुथच्या, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या खऱ्या रस्त्याच्या, फाइलमधून प्रत्येक फ्रेमचं अंतर उचलून झाकलेली असते, आलेख इतका सुंदर येतो की बघणाऱ्याला वाटतं झालं काम. KITTI सारख्या गाडीवरच्या डेटात निदान कॅमेरा रस्त्यापासून ठरलेल्या उंचीवर, 1.65 मीटरवर, बसवलेला असतो, त्यामुळे रस्त्याचा प्लेन शोधून स्केल काढता येतं. हातातल्या फोनला ती सोय नाही, हात वर-खाली होतो, मध्येच माणूस फोन खाली घेतो, उंची धरून काही बांधता येत नाही.

ORB-SLAM2 हे कसं सोडवतं? ते पहिल्या दोन योग्य फ्रेममधून काही 3D पॉइंट बनवतं आणि त्यांची मध्यक खोली 1 धरतं, बस. म्हणजे गेटवर उभं राहिल्यावर समोरचं दृश्य सरासरी जितकं लांब, ते एक युनिट. आमच्या केसमध्ये पहिल्या बाजूवरच्या दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर टेपने 20 मीटर होतं आणि ट्रॅजेक्टरीत 3.1 युनिट, म्हणजे एक युनिट जवळपास 6.45 मीटर. हा आकडा एकदा गुणला की अँबिग्विटीचा प्रश्न संपला, अगदी संपला. आणि एक लक्षात घ्या, हा गुणक चुकला असता तरी आयत बंद झालाच असता, नुसता लहान किंवा मोठा झाला असता. सगळीकडे स्केल सारखंच 20 टक्के चुकीचं असेल तर सुरुवात आणि शेवट बरोबर एकमेकांवर येतात. त्यामुळे आयत बंद न होणं हा अँबिग्विटीचा पुरावा असूच शकत नाही, तो ड्रिफ्टचा पुरावा आहे.

मग गुणक लावून बाजू मोजल्या. पहिली 120 (तिच्यावरूनच गुणक घेतला त्यामुळे ती बरोबर येणारच), दुसरी 64.4, तिसरी 93.6, चौथी 53.2. खऱ्या लांबीशी गुणोत्तर काढलं तर 1, 0.92, 0.78, 0.76. आडवा फरक 120 वजा 93.6 म्हणजे 26.4, उभा फरक 64.4 वजा 53.2 म्हणजे 11.2, दोन्ही काटकोनात धरून 28.7 मीटर. ते 29 मीटर कुठून आले ते इथेच दिसतं, आणि नुसतं "380 मीटरवर साडेसात टक्के एरर" असं लिहून सोडलं असतं तर काहीच कळलं नसतं.

पण टेपने मोजलेल्या बाजू नेहमी हाताशी नसतात. अशा वेळी हातात धरलेल्या कॅमेऱ्याचीच एक सवय कामाला येते. माणूस चालताना फोन प्रत्येक पावलाला दोन-चार सेंटिमीटर वर-खाली होतो, आणि ही लाट ट्रॅजेक्टरीत स्पष्ट दिसते. फक्त त्यासाठी प्रत्येक फ्रेमची पोझ, म्हणजे कॅमेऱ्याची जागा आणि दिशा, हवी. ORB-SLAM2 मोनोक्युलरमध्ये शेवटी KeyFrameTrajectory.txt एवढीच फाइल देतं, त्यात नुसते कीफ्रेम, म्हणजे निवडक फ्रेम, असतात आणि ते इतके विरळ असतात की पावलं दिसत नाहीत. म्हणून TrackMonocular जी पोझ परत करतं ती दर फ्रेमला आपणच फाइलमध्ये लिहायची, आणि ती जगाकडून कॅमेऱ्याकडे असते, उलटी करून घ्यायची, नाहीतर मिळणारी जागा भलतीच असते:

```python
R, t = Tcw[:3, :3], Tcw[:3, 3]
C = -R.T @ t      # कॅमेऱ्याची जागा
```

उभ्या दिशेतला आलेख काढला की सेकंदाला 1.8 च्या आसपास शिखरं मिळतात, ती पावलं. दोन शिखरांमध्ये आडवं किती अंतर कापलं ते मोजायचं. पहिल्या बाजूवर एक पाऊल 0.70 मीटर आलं, जे माणसाच्या पावलाला शोभतं. दुसऱ्या बाजूवर 0.64, तिसऱ्यावर 0.55, चौथ्यावर 0.53. पावलांचा वेग मात्र तोच, सेकंदाला 1.8. माणूस हळू चालायला लागला तर पाऊल आखूड होतं खरं, पण मग पावलांचा ताल पण बहुतेक मंदावतो, इथे ताल तसाच राहिला आणि पाऊल आखडलं, म्हणजे आखडलंय ते स्केल. हे काही अचूक मोजमाप नाही, चढ-उतार असेल किंवा गर्दीतून वाट काढत चालला असेल तर फसवेल, पण ड्रिफ्ट कुठे झाला हे शोधायला पुरेसं आहे.

आणि "कुठे" हाच खरा प्रश्न होता. पावलाची लांबी वेळेसमोर मांडली तर ती हळूहळू उतरत गेलेली नव्हती, पायऱ्या होत्या. सरळ बाजूवर जवळपास सपाट, पहिल्या कोपऱ्यावर 8 टक्क्यांनी खाली, दुसऱ्यावर अजून 15 टक्के, तिसऱ्यावर जेमतेम अडीच. पुस्तकात ड्रिफ्ट असा वाचायला मिळतो की जणू प्रत्येक फ्रेमला थोडा थोडा साचतो, तसा साचतोही, पण हातातल्या कॅमेऱ्याचा स्केल ड्रिफ्ट बहुतेक वेळा एखाद-दोन वाईट जागी उडी मारतो.

असं का होतं ते समजायला स्केल पुढे कसं सरकतं ते बघावं लागेल. पहिल्या पॉइंटांचं स्केल ठरलं, नवीन फ्रेम आली की तिची जागा त्याच जुन्या पॉइंटांवरून काढली जाते, त्यामुळे ती जागा त्याच स्केलमध्ये येते. मग दोन कीफ्रेममधून नवीन पॉइंट बनतात, तेही त्याच स्केलमध्ये, आणि पुढच्या फ्रेम या नव्यांवर टेकतात. जुन्या-नव्यांची सरमिसळ जितकी जास्त वेळ टिकते तितकं स्केल नीट सोपवलं जातं. सरळ चालताना समोरचं झाड, इमारत, खांब बराच वेळ फ्रेममध्ये राहतात. कोपऱ्यावर मात्र नव्वद अंश वळलं की अख्खं दृश्य बदलतं, जुना एकही पॉइंट उरत नाही, आणि पुढचं सगळं स्केल त्या दीड सेकंदात बनलेल्या मूठभर पॉइंटांवर अवलंबून राहतं.

दुसऱ्या कोपऱ्याचा व्हिडिओ फ्रेम-फ्रेम बघितला. पोरगा कोपऱ्याशी आला, थांबला, जागच्या जागी दीड सेकंदात वळला, आणि चालू पडला. समोर काय, तर रंगवलेली कोरी कंपाउंड भिंत आणि तिच्यामागे लांबची एक इमारत. जागच्या जागी वळणं हे मोनोक्युलरसाठी सगळ्यात वाईट, कारण नुसत्या रोटेशनमध्ये पॅरॅलॅक्स, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या सरकण्यातला फरक, शून्य असतो, खोली कळायला काही मार्गच नसतो. फोन खांद्याभोवती फिरतो म्हणून वीस-तीस सेंटिमीटरचं सरकणं मिळतं, तेवढ्यावरच पॉइंट तयार होतात. खोलीतल्या चुकीचा अंदाज असा निघतो:

```
dz ≈ z² · dp / (f · b)
```

z म्हणजे वस्तू किती लांब, b म्हणजे दोन फ्रेममधलं सरकणं, f पिक्सेलमध्ये फोकल लेंग्थ, dp म्हणजे फीचर जुळवण्यातली चूक. आमच्या फोनला f साधारण 1000 पिक्सेल, dp अर्धा पिक्सेल धरू. 8 मीटरवरची वस्तू, अर्धा मीटर सरकणं, तर चूक 6 सेंटिमीटर, एक टक्काही नाही. तीच वस्तू आणि 16 सेंटिमीटर सरकणं, चूक 20 सेंटिमीटर, अडीच टक्के. ORB-SLAM2 नवा पॉइंट घेताना दोन किरणांमधला कोन एक अंशाच्या थोडा वर असला की चालवून घेतं, आणि 8 मीटरवर तो कोन जवळपास 16 सेंटिमीटरलाच मिळतो, म्हणजे असले कच्चे पॉइंट नियमाने आत येतात. मागची लांबची इमारत तर विचारूच नका, z चा वर्ग आहे.

कोणी म्हणेल शेकडो पॉइंट आहेत, कुणाची चूक अधिक कुणाची उणे, सरासरीत जाईल. रँडम भाग जातो. पण पॅरॅलॅक्स कमी असला की चूक दोन्हीकडे सारखी पसरत नाही, लांबच्या बाजूला शेपूट लांब असतं, जवळच्या बाजूला आखूड, त्यामुळे एका बाजूला कल राहतो आणि कल सरासरीत जात नाही. त्यात कोपऱ्यावर पॉइंटच कमी होते, भिंत कोरी, मोजके फीचर तिच्या वरच्या कडेला एका रांगेत.

दुसरा हात रोलिंग शटरचा. फोनचा सेन्सर फ्रेम एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, याला 20 मिलिसेकंद लागतात असं धरू. नव्वद अंश दीड सेकंदात म्हणजे सेकंदाला 60 अंश, तर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत कॅमेरा 1.2 अंश फिरलेला असतो, पिक्सेलमध्ये जवळपास 21. आपण वर अर्ध्या पिक्सेलच्या चुकीचा हिशोब करत होतो. आता दोन्ही फ्रेममध्ये फिरण्याचा वेग सारखा असेल तर हा वाकडेपणा दोन्हीकडे सारखाच येतो आणि तितका छळत नाही, खरा घोळ वळायला सुरुवात करताना आणि थांबताना होतो, आणि दुर्दैवाने नवीन पॉइंट बनतात ते नेमके थांबतानाच.

तिसऱ्या कोपऱ्यावर तोच माणूस, तोच फोन, आणि उडी फक्त अडीच टक्क्यांची. तिथे आडव्या-तिडव्या लावलेल्या बाइक होत्या, त्यामुळे त्याला वळसा घालून जावं लागलं, म्हणजे वळताना तो सरकतही होता, आणि बाइक तीन-चार मीटरवर, भरपूर फीचरवाल्या, वळणभर फ्रेममध्ये. पार्किंगच्या बेशिस्तीचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

यॉचा, म्हणजे डावी-उजवीकडे वळण्याचा, ड्रिफ्ट वेगळा बघायचा, तो लांबीत दिसत नाही, कोनात दिसतो. एक अंश चुकला की 120 मीटरच्या टोकाला 2.1 मीटर बाजूला जाता, आणि सुरुवातीला चुकलेला अंश पुढच्या सगळ्या रस्त्याला लागतो. म्हणून लांब सरळ रस्त्यावर यॉ जास्त खातो. आमच्यासारख्या वळणं घेत जाणाऱ्या छोट्या फेरीत मात्र स्केलने 29 मीटर खाल्ले तिथे यॉने फार तर दोन-अडीच.

मग पोराने जे सगळे विचारतात ते विचारलं, लूप क्लोजिंग चालू केलं की झालं ना? चालू केलं, आयत बंद झाला. लूप क्लोजरमध्ये शेवट आणि सुरुवात एकच जागा आहे हे ओळखून जो फरक काढतात तो सहा नाही, सात गोष्टींचा काढावा लागतो, तीन रोटेशन, तीन जागा आणि एक स्केल. 2010 मध्ये स्ट्रासडाट, मोंतिएल आणि डेव्हिसन यांनी हे नीट मांडलं, ORB-SLAM तेच वापरतं. सातवं सोडलं तर 0.76 पटीने आखडलेला शेवट तसाच ओढून सुरुवातीला चिकटवला जातो आणि मधला रस्ता वाकतो.

पण सात धरूनही मध्ये काय होतं ते कागदावर करून बघा. समजा 0.76 ची भरपाई रस्त्याच्या लांबीवर सारखी वाटली, तर बाजू येतात अंदाजे 125, 72, 112, 68. खरी चूक दोन कोपऱ्यांवर झाली होती, भरपाई मात्र सगळीकडे वाटली गेली, त्यामुळे पहिली बाजू जी बरोबर होती तीच 5 मीटरने लांबली. आणि अजूनही 13 आणि 4 मीटर उरतातच, ते ऑप्टिमायझर कोपरे वाकवून आणि बाजू ओढून भरतो. प्रत्यक्षात कोपऱ्यांवर कीफ्रेम दाट असतात, त्यामुळे थोडी जास्त भरपाई योग्य जागी पडते, पण तत्त्व हेच. शेवटची एरर शून्य आणि मधला रस्ता चुकीचा, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. म्हणून लूप क्लोज केलेल्या ट्रॅजेक्टरीची सुरुवात-शेवट तपासण्यात काही अर्थ नाही, मध्येच कुठेतरी टेप लावा. म्युनिकच्या TUM चा 2016 चा monoVO डेटासेट याच कल्पनेवर आहे, 50 सीक्वेन्स, प्रत्येक जिथे सुरू तिथेच संपते, सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा वेगवेगळा जुळवून बघतात आणि त्यातून स्केल किती सरकलं ते वेगळं निघतं, पण हे लूप क्लोजिंग बंद ठेवूनच.

दुसऱ्या रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअरला हातच लावला नाही, चालण्याची पद्धत बदलली. कोपऱ्यावर थांबायचं नाही, दोन-अडीच मीटरचा वळसा घेत तीन-चार सेकंदात वळायचं. फोन नाकासमोर सरळ न धरता थोडा बाजूला, तीसेक अंश आतल्या बाजूला, कारण सरळ पुढे चालताना फ्रेमच्या मध्यावरचे पॉइंट जवळपास हलतच नाहीत आणि त्यांची खोली कळत नाही. फोकस आणि एक्सपोजर लॉक, कारण ऑटोफोकस हलला की f च बदलते. व्हिडिओ स्टॅबिलायझेशन बंद, ते चालू असलं तर फ्रेम कापून-वाकवून येते आणि कॅलिब्रेशनला काही अर्थ उरत नाही. लेन्स हलवणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन सगळ्या फोनवर बंद करता येत नाही, या फोनवर पण नाही झालं, ते तसंच सोडलं.

या वेळी लूप क्लोजिंगशिवाय बाजू 120, 68.6, 114, 65.8. शेवट सुरुवातीपासून 6.6 मीटर, म्हणजे 1.7 टक्के. पावलांचा आलेख बघितला तर दुसऱ्या कोपऱ्यावर अजूनही 3 टक्क्यांची उडी आहेच, कोरी भिंत आहे तिथेच आहे ना.

ती उडी काढायला दोन रस्ते होते. एक, फोनचा ॲक्सेलरोमीटर आणि जायरो सोबत घ्यायचे, VINS-Mono सारखं काहीतरी चालवायचं. ARKit आणि ARCore थेट मीटरमध्ये उत्तर देतात ते याच जोरावर. एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या कॅमेऱ्यात ॲक्सेलरोमीटरला स्केल कळत नाही, पण हातातला फोन पावलागणिक हेलकावे खातो आणि तेच हेलकावे स्केल दाखवून देतात. अडचण एवढीच की व्हिडिओ साध्या कॅमेरा ॲपने काढलेला, या सेन्सरांचा लॉगच नव्हता, आणि वेगळ्या ॲपने लॉग घेतला तर दोघांच्या घड्याळातला काही मिलिसेकंदांचा फरकही आधी काढावा लागतो.

दुसरा रस्ता स्वस्त होता, तोच घेतला. प्रत्येक कोपरा ओलांडल्यावर भिंतीवर A4 कागदावर छापलेला AprilTag, म्हणजे QR कोडसारखा काळा-पांढरा चौकोन, बाजू 16 सेंटिमीटर, पट्टीने मोजलेली, कारण प्रिंटर पानात बसवायला आकार कमी करतो. टॅग दोन-अडीच मीटरवरून दिसला की त्या बाजूचं स्केल तिथल्या तिथे मिळतं, आणि मागच्या कोपऱ्याची उडी पुढे जात नाही. फार लांबून दिसलेला टॅग वापरायचा नाही, 8 मीटरवर तो फ्रेममध्ये जेमतेम 20 पिक्सेलचा असतो आणि अर्ध्या पिक्सेलनेच अडीच टक्के जातात. तिसरी बाजू या पद्धतीने 119 च्या आसपास आली, टेपने 120. पाण्याच्या लाइनच्या अंदाजाला तेवढं चाललं.